टिंबकाका आणि अननसाची रेघ

आमच्या छापखान्यात टिंबकाकांनी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कुणी उच्चारत नसे. एखाद्या ओळीत अनुस्वाराचं टिंब राहिलं असेल तर ते त्यांना पान हातात येण्याआधीच दिसतं, असं मशीनवाला म्हणायचा. मी डीटीपीचं काम करायचे आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. दिवसाकाठी चाळीसेक लाल खुणा माझ्याकडे यायच्या. प्रत्येक खुणेबरोबर एक वाक्यही यायचं, "खात्री करून घेत जा." ते स्वतः मात्र कधी खात्री करून घेताना दिसले नाहीत. त्यांना ती आधीच असायची.

हे सगळं सुरू झालं ते एका खोक्यापासून. डबाबंद फळांचा रस परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याचं काम मालकांनी मिळवलं. माल व्हिएतनामला जायचा, त्यामुळे बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर त्या भाषेतला मजकूर छापायचा होता. मजकूर आला तो स्कॅन केलेल्या कागदाचा, जरासा मळकट. अक्षरं इंग्रजीसारखी, पण त्यांच्या डोक्यावर रेघा, हुकासारखे आकडे, नागमोडी वळणं, आणि काही अक्षरांच्या पायाशी बारीक ठिपके. डोक्यावरचं सगळं मी निमूटपणे उतरवून घेतलं. पायाशी असलेल्या ठिपक्यांबद्दल काकांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "धूळ आहे. स्कॅनरची काच पुसत नाही कुणी." मग तपासणीच्या प्रतीवर राहिलेले दोन ठिपकेही त्यांनी लाल गोलात घेतले आणि काढून टाकायची खूण केली.

पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं. 'वापरण्याची मुदत' असं जिथे लिहिलेलं होतं तिथले दोन्ही पायठिपके गेले होते. HẠN चं HAN झालं होतं आणि DỤNG चं DUNG. ठिपका हा त्या भाषेत धुळीचा कण नसून सूर असतो, तो गेला की शब्द दुसराच होतो, असं पत्रात फार सभ्यपणे लिहिलं होतं. मालकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आयुष्यभर ठिपके देत आलेल्या माणसाने ठिपके पुसले होते. मशीनवाला तेवढा बाहेर जाऊन हसून आला.

काकांनी त्याच आठवड्यात भाषावर्गात नाव घातलं. फी मालकांनी भरली आणि शनिवारी सकाळची सुटीही दिली.

वर्ग छापखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा, बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी. शिकवायला उत्तर व्हिएतनाममधली एक तरुण बाई होती, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली. मराठी ती मोडकीतोडकी पण न घाबरता बोलायची. शिक्षिकेला तिकडे 'को' म्हणतात, म्हणून सगळे तिला को म्हणत. वर्गात सहलींची कंपनी चालवणारा एकजण होता, तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागलेली एक नर्स होती, आणि सर्वांत पुढच्या बाकावर, दोन रंगांची पेनं आणि पट्टी घेऊन, काका.

पहिल्या दिवशी कोने फळ्यावर एकच शब्द सहा वेळा लिहिला. काकांनी तो तक्ता दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि छापील बिनचूकपणे समजावून दिला, त्यामुळे तो मलाही पाठ आहे. काहीच खूण नसलेला ma म्हणजे भूत. तो सपाट म्हणायचा, ताणून बांधलेल्या दोरीसारखा, ना वर ना खाली. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेघ दिली की má, आवाजही चढतो, अर्थ होतो गाल, आणि दक्षिणेकडे आई. रेघ उलटी, उतरती दिली की mà, आवाज हळूच खाली येतो, अर्थ होतो 'पण'. डोक्यावर प्रश्नचिन्हाच्या आकड्यासारखं काही असलं की mả, आवाज आधी खाली बुडतो आणि मग जरा वर येतो, अर्थ होतो कबर. नागमोडी वळण असलं की mã, चढता चढता घशात एक अडखळ येते, उचकी लागावी तशी, आणि मग आवाज वर जातो, अर्थ होतो घोडा. आणि पायाशी ठिपका असला की mạ, आवाज खाली आणि आखूड, गोणी जमिनीवर टाकून हात झटकावेत तसा तोडलेला, अर्थ होतो भाताचं रोप. अक्षरं तीच, भूत, गाल, पण, कबर, घोडा, रोप. फरक फक्त खुणांचा.

"या भाषेला माझ्यासारखा माणूस आधीच मिळायला हवा होता," काका म्हणाले. यात त्यांना विनोद दिसत नव्हता.

पाहून लिहिण्याच्या पहिल्या चाचणीत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. शिवाय फळ्यावर कोचीच एक नागमोडी घाईत आकड्यासारखी पडली होती, तीही त्यांनी दाखवून दिली. शब्द होता sữa, दूध. आकडा दिला की होतो sửa, दुरुस्त करणं. कोने कौतुकाने मान डोलावली. दुरुस्त करणं या अर्थाचा शब्द त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत उतरवून घेतला, कारण तोच त्यांचा धंदा.

तोंडी कामाचं मात्र वेगळं होतं. वर्गात शिरताना कोला नमस्कार म्हणायचा शब्द chào, उतरता. काका फार अदबीने म्हणायचे, आणि त्यांची अदब नेहमी आवाज वर चढवायची, म्हणून ते म्हणायचे cháo. म्हणजे पेज. आठवड्यातून दोनदा ते दारात उभं राहून आपल्या शिक्षिकेला पेज म्हणायचे आणि ती हसू आवरून उत्तर द्यायची. नर्सने एकदा त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी वही उघडून दाखवली, खूण बरोबर होती. खूण बरोबर असताना आवाज चुकेल कसा, हे त्यांना पटेना. ऐकून लिहिण्याच्या चाचणीत त्यांना दहापैकी दोन गुण मिळाले, तेव्हा ते मला म्हणाले की बाई हुशार आहे, पण शब्दांचे शेवट खाते.

कोने त्यांचं दुखणं नेमकं ओळखलं होतं. ते तिने नर्सला सांगितलं, नर्सने पुढे मला. शंका असली की काकांचा आवाज चढायचा, खात्री असली की उतरायचा. आपण सगळे बोलताना हेच करतो. पण त्या भाषेत चढणं-उतरणं हे शब्दाचं असतं, बोलणाऱ्याच्या मनाचं नसतं. आणि काकांना शंका क्वचितच यायची, त्यामुळे त्यांचे बहुतेक शब्द उतरत होते.

घरी काकू होत्या. त्या कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करायच्या, पँटची उंची कमी कर, कमरेला सैल कर, चेन बदल, असं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र होतं. त्याच खोलीत काका कोच्या आवाजातली रेकॉर्डिंग फोनवर लावून पाठ करत बसायचे. आधी कोचा आवाज शब्द म्हणायचा, मग तिच्या मोडक्या बोलीत अर्थ, मग पुन्हा शब्द. काकूंना वहीतलं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. त्या खुणांना त्या माश्या म्हणायच्या. पण त्यांच्या अंगात एक कला होती. त्या कुणाचीही नक्कल करायच्या. नणंदेचा फोनवरचा सूर, दाताच्या डॉक्टरची खाकरत बोलायची सवय, वरच्या मजल्यावरच्या बाईची हाक, सगळं हुबेहूब. काकांना ते उथळ वाटायचं. महिन्याभरात काकू टीप मारता मारता कोच्या आवाजात बोलायला लागल्या. काका एखादा शब्द म्हणायचे आणि यंत्राच्या खडखडाटातून तोच शब्द दुरुस्त होऊन परत यायचा. काका म्हणायचे, "अगं, तुला अर्थ तरी कळतो का?" काकू म्हणायच्या, "तीच बाई सांगते की नंतर."

ही दोन माणसं अशी आपापल्या जागी सुखी असताना अननस आणि नारळ आले.

कारखान्याचं दुसरं काम होतं दोन खोक्यांचं. एक अननसाच्या रसाचं, एक नारळपाण्याचं. खोक्यांवर चित्र नव्हतं, एका रंगात फक्त मोठी अक्षरं. अननस म्हणजे dứa, चढती रेघ. नारळ म्हणजे dừa, उतरती रेघ. खोक्यावर NƯỚC DỨA आणि NƯỚC DỪA. सुरुवातीचं अक्षर आपल्या झाडमधल्या 'झ'सारखं, त्यामुळे कानाला दोन्ही झुआ. मोठ्या अक्षरांत डोक्यावरच्या रेघा वरच्या ओळीला जाऊन चिकटत होत्या. काकांनी मला दोन ओळींतलं अंतर तीनदा वाढवायला लावलं. यावेळी प्रत्येक ठिपका त्यांनी भिंगातून पाहिला. त्या दोन खोक्यांसारखी निर्दोष मुद्रितं मी नंतर पाहिली नाहीत.

गडबड होती ती फायलींच्या नावांत. तिकडून आलेल्या फायलींना नाव देताना कुणी खुणा दिल्या नव्हत्या. कंप्युटरवर घाईत तिकडचे लोकही बिनखुणांचंच लिहितात. दोन्ही फायलींचं नाव nuoc dua, एकीला आकडा एक, दुसरीला दोन. मागणीच्या पत्रातही तसंच, एक nuoc dua दोन हजार खोकी आणि दुसरं nuoc dua दहा हजार. कोणतं कोणतं ते कळायला मार्ग नाही. काकांनी हे ताबडतोब पकडलं आणि माझ्याकडून पत्र पाठवून विचारलं. उत्तर म्हणून शुक्रवारी दुपारी तिकडच्या खरेदी कचेरीतल्या बाईंचा फोन आला.

मालक बाहेर गेले होते. फोन काकांनी घेतला, स्पीकरवर, कारण आम्ही दोघं-तिघं ऐकणार होतो. बाई इंग्रजीत सावकाश बोलत होत्या. त्यांनी विचारलं की तुमच्याकडच्या फाईल नंबर एकमध्ये कोणतं फळ आहे. अननसाला इंग्रजीत काय म्हणतात हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. चहा आणणाऱ्यालाही. पण काकांनी पाठ ताठ केली, आमच्याकडे एक नजर टाकली आणि व्हिएतनामीत उत्तर दिलं. एकच शब्द, झुआ, स्वच्छ आणि ठाम.

बाई क्षणभर थांबल्या. बहुधा आनंदाने. मग त्यांनी तोच शब्द परत म्हणून विचारलं, हाच ना. काका म्हणाले, हो हो, तोच. बाई म्हणाल्या, मग एक नंबर फक्त दोन हजार, दोन नंबर दहा हजार. काकांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि फोन ठेवून खुर्चीत मागे टेकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा शब्द कुणी एका फटक्यात समजून घेतला होता. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. मीही अभिनंदन केलं. मोठं काम आधी म्हणून दोन नंबरची, म्हणजे नारळाची, प्लेट शनिवारी सकाळी मशीनवर चढवायची ठरली.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. काकांनी त्यांची बाजूही सांगितली, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं जुळलं.

संध्याकाळी काका घरी गेले ते बूट काढायच्या आधीच फोनची गोष्ट सांगायला लागले. काकू कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होत्या. काकांनी बाईंचा आवाज काढायचा प्रयत्न केला, मग दुपारसारखंच ताठ उभं राहून आपलं उत्तर म्हणून दाखवलं.

काकूंनी दातातली टाचणी काढली. "मग त्यांना नारळ किती हवेत?"

"नारळ नाही. मी अननस म्हणालो."

"तुम्ही नारळ म्हणालात."

"अगं, समोर लिहिलेलं होतं माझ्या. चढती रेघ."

"रेघ चढली असेल. तुम्ही उतरलात," काकू म्हणाल्या, आणि एकदा काकांसारखं म्हणून दाखवलं, एकदा कोसारखं. त्यांना फरक दिवसाइतका स्पष्ट होता. काकांना दोन्ही सारखेच ऐकू आले. ते चिडले. छत्तीस वर्षं काना-मात्रेचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला वहीतलं अक्षरही न ओळखणारी बाई शिकवतेय, असं काहीतरी ते बोलले. काकूंनी अस्तर खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, त्या फोनवरच्या बाईंनी परत काय विचारलं, ते म्हणा. काकांनी आठवून म्हटलं. काकू म्हणाल्या, "बघा, तिनेही नारळच विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात."

त्या संध्याकाळी काकांनी जेवताना मीठ मागितलं नाही, खुणेने दाखवलं.

शनिवारी सकाळी काकू वर्गात त्यांच्याबरोबर आल्या. न्याय करायला, असं काकांनी मला सांगितलं. सोबतीला, असं काकूंनी. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. दारात काकांनी कोला सवयीने पेज म्हटली आणि मग सरळ मुद्द्यावर आले. आपण एक शब्द म्हणणार आहोत, आपलं वहीतलं काही न पाहता को ज्या फळाचं नाव ऐकेल ते तिने दाखवावं. कोकडे फळांच्या चित्रांचे पुठ्ठे होते. तिने अननस आणि नारळ बाकावर ठेवले. काकांनी तिच्याकडे पाठ केली, म्हणजे तोंडाकडे बघून अंदाज नको, आणि शब्द म्हटला. मागे वळून पाहिलं तर कोच्या हातात नारळ.

ते पुन्हा म्हणाले, हळू. नारळ.

तिसऱ्यांदा त्यांनी भुवया वर नेल्या, बोट वर नेलं, टाचाही जरा उचलल्या. आवाज मात्र जिथे होता तिथेच राहिला. कोने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं आणि नारळ उचलला. सहल कंपनीवाला वहीत डोकं घालून बसला होता.

"आता तुम्ही," को काकूंना म्हणाली. काकू लाजल्या. मग त्यांनी कोच्याच आवाजात, कोसमोर, एक शब्द म्हटला. कोने अननस उचलला. मग तिला राहवेना. तिने काकूंकडून ma सहाही सुरांत म्हणवून घेतला, भूत, गाल, पण, कबर, घोडा आणि शेवटी ते गोणी आपटल्यासारखं रोप. घोड्याची अडखळही बरोबर जागी आली. कोने विचारलं, कुठे शिकलात. काकू म्हणाल्या, "शिवताना."

काका खाली बसले. त्यांनी वही उघडली, अननसाच्या रेघेकडे बघत राहिले. रेघ निर्दोष होती. "मग ही कशासाठी असते?" त्यांनी कोला विचारलं, आणि नर्स सांगते की त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला खरा प्रश्न. कोने तिच्या मोडक्या बोलीत सांगितलं की खूण ही फक्त आठवण असते, आधी आवाज येतो. तिच्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण ती कधी कुणाला पेज म्हणाली नाही.

एवढ्यात काकांना मशीन आठवलं.

त्या वयाचा माणूस दोन गल्ल्या पळत येऊ शकतो हे मी पाहिलं आहे. ते छापखान्यात शिरले तेव्हा मशीनवाला नारळाची खोकी काढत होता आणि आवाजात काही ऐकू येत नव्हतं. काकांनी सरळ जाऊन लाल बटण दाबलं. मशीनवाला भडकला. विचारलं, प्लेटवर चूक सापडली का. काका म्हणाले, प्लेटवर काही चूक नाही. मग कुणी सांगितलं थांबवायला? काकांनी एक श्वास घेतला. "बायकोने."

गड्ड्या मोजल्या. नारळाची दोन हजार शंभर खोकी निघाली होती. नारळाची हवी होती दोन हजार. बरोबर प्लेट, बरोबर खोकी, आणि जवळपास बरोबर आकडा. काका अर्ध्या तासाने आले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. आता मात्र दाखवायला नुकसानच नव्हतं. काकांना याचाच त्रास झाला असावा. मोठी चूक झाली असती तर निदान ती मान्य करायला वजन आलं असतं.

मालक आल्यावर काकांनी केबिनमध्ये उभं राहून सगळं सांगितलं, पेजेसकट. मालक ऐकत राहिले. मग म्हणाले की काका, शंभर खोकी जास्त निघाली तर एरवीही निघतातच, आता अननस चढवा. काका हलेनात. लिहून देतो म्हणाले. मालकांनी विचारलं, काय लिहून देणार, तुमचं लिहिणं तर बरोबरच असतं.

तिकडच्या बाईंना काकांनी पत्र लिहिलं, चार ओळींचं, कोच्या मदतीशिवाय. अननस दहा हजार, नारळ दोन हजार, दोन्ही शब्दांवर खुणा ठळक करून. सोमवारी बाईंचं उत्तर आलं, बरोबर, आभारी आहे. आभारी आहे हे त्यांच्या भाषेत, तीन शब्दांत होतं आणि त्यातल्या एकाही अक्षरावर खूण नव्हती. काकांनी ते पान छापून घेतलं, लाल पेन उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि झाकण लावून टाकलं.

मग मालकांनी ठरवलं की व्हिएतनामचे फोन इथून पुढे काकूंनी घ्यायचे. काकांनी विरोध केला. म्हणाले, तिला त्यातलं काही कळत नाही. मालक म्हणाले, तिकडच्यांना काकूंचं बोलणं कळेल ना, तेवढं बस. काकूंनीही आधी नको म्हटलं, मग अटी घातल्या. मंगळवारी दुपारीच येईन, आणि हे शेजारी बसले तरच. आता फोन काकांची बायको घेईल, असं मालकांनी तिकडे कळवलं.

पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम काम उशिरा संपवलं. काकूंनी मोजपट्टी काढून पर्समध्ये ठेवली होती. काकांनी समोर वही, शब्दकोश, दोन्ही पेनं मांडली. फोन वाजला. काकूंनी नमस्कार केला, उतरत्या सुरात, आणि पलीकडच्या बाईंना वाटलं की अखेर आपली भाषा येणारं माणूस मिळालं. त्या भराभर बोलायला लागल्या. काकूंना एक शब्द कळला नाही. त्यांनी जे येत होतं तेच केलं. फोन जरा दूर धरून शेवटचं वाक्य जसंच्या तसं काकांसमोर म्हटलं, त्याच बाईंच्या आवाजात.

काकांनी लिहिलं. पहिला शब्द त्यांनी लिहिला chống, शब्दकोशात पाहिलं आणि भुवया आक्रसल्या. "विरोध करणे," ते पुटपुटले. "हिने विरोध कशाला केलाय?"

काकूंनी शब्द पुन्हा म्हटला. मग कागदावर वाकून त्या माशीकडे बघितलं आणि बोटाने हवेत उतार काढला. "खाली येतो हा. तुम्ही वर नेलाय."

काका थांबले. त्यांनी शब्द स्वतः ओठांत म्हणून पाहिला, काकूंकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणून पाहिला. मग लाल पेनाने स्वतःच लिहिलेली रेघ छाटली आणि अक्षराच्या टोपीवर उतरती रेघ दिली. chồng. शब्दकोशाची पानं उलटली. बाकीचे दोन शब्द सोपे होते.

"नवरा," ते म्हणाले. "तुमचा नवरा कुठे आहे, असं विचारतेय."

फोनमधून बाईंनी हॅलो हॅलो केलं.

"काय सांगू?" काकूंनी विचारलं.

काकांनी वहीत शोधून एक शब्द काकूंसमोर सरकवला, đây, आणि मग लक्षात आलं की त्यांना तो वाचता येणार नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते. "दै," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे इथे. वरची टोपी अक्षराचीच आहे, सुराची खूण काही नाही. सपाट म्हण. मी जरा खाली गेलो असेन. तू सपाट म्हण."

काकूंनी सपाट म्हटलं. पलीकडून हसू आलं, आणि मग खोक्यांची चौकशी सुरू झाली.